ओहमचा नियम तक्त्यातून शिकवताना: शेवटचा रकाना उशिरा भरा

दहावीच्या प्रात्यक्षिक वहीत ओहमच्या नियमाचा तक्ता पाहिला, की त्याचा शेवटचा रकाना बहुतेक वेळा संशय यावा इतका नीटनेटका असतो. सहा ओळी, आणि सहाही ओळींत रोध ५.० ओहम. काटा ज्या मापनपट्टीवर दोन रेघांच्या मध्ये डुलत होता, तिच्यावरून इतकं चोख उत्तर सहा वेळा येत नाही. मुलांनी विभवांतर मोजलेलं नसतं. विद्युतधारा वाचून तिला ५ ने गुणलेलं असतं.

यात दोष मुलांचा कमी आणि आपल्या क्रमाचा जास्त. आपण फळ्यावर आधी `V = IR` लिहितो, मग तक्ता आखायला लावतो आणि मग `V/I` स्थिर यायला हवं हेही सांगून टाकतो. त्यानंतर मोजण्यासारखं काही उरतच नाही. मी काही वर्षांपूर्वी क्रम उलटा केला. सूत्र शेवटी ठेवलं, आणि गुणोत्तराचा रकाना वाचनं पूर्ण होईपर्यंत कोरा ठेवायला लावला. तो रकाना उशिरा भरला की बोलू लागतो. तारेचा रोध किती हे तर तो सांगतोच, शिवाय अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर होता की नव्हता, व्होल्टमीटर बरोबर जागी होता की नव्हता, हेही त्यातून कळतं. सगळी तासिका या एका रकान्याभोवती कशी बांधायची, ते इथे लिहिते आहे.

सामान एकमेकांना जुळणारं घ्या

हे प्रात्यक्षिक बहुतेक वेळा टेबलावर नव्हे, कपाटापाशीच बिघडतं. हाताला येईल ती तार, येईल तो रिओस्टॅट आणि येईल तो मीटर उचलला, की काटा एकतर जागचा हलत नाही किंवा पट्टीच्या टोकावर जाऊन आदळतो. म्हणून आधी तारेचा रोध अंदाजे काढायचा आणि बाकीचं सामान त्याला जुळवायचं.

मी २८ गेजची नायक्रोमची तार घेते. तिचा व्यास सुमारे ०.३८ मिलिमीटर असतो आणि एक मीटर लांबीचा रोध १० ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे ५० सेंटिमीटर तुकडा साधारण ५ ओहमचा. तांब्याची तार या कामाला निरुपयोगी आहे. एवढ्या जाडीच्या मीटरभर तांब्याचा रोध ओहमच्या सहाव्या भागाइतकाही नसतो, आणि तापल्यावर तो दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. नायक्रोममध्ये ही वाढ खूपच कमी असल्यामुळे तार थोडी कोमट झाली तरी तक्ता ढळत नाही.

पुरवठा ३ व्होल्टचा, म्हणजे दोन कोरडे घट किंवा बॅटरी एलिमिनेटर. व्होल्टमीटर ० ते ३ व्होल्टचा, अ‍ॅमीटर ० ते ५०० मिलीअँपिअरचा. रिओस्टॅटचा पूर्ण रोध तारेच्या चार-पाच पट असावा. माझ्याकडचा २५ ओहमचा आहे. तो पूर्ण घातला की धारा `3/(5+25)`, म्हणजे ०.१० अँपिअर, आणि तिथून सरकपट्टी हलवत वर जाता येतं. रिओस्टॅट १०० ओहमचा असेल तर सरकपट्टीच्या बहुतेक प्रवासात काटा तळाशीच रेंगाळतो आणि शेवटच्या बोटभर अंतरात एकदम उसळतो. मुलांना मग मधली वाचनं पकडता येत नाहीत.

एक सावधगिरी हवी. रिओस्टॅट पूर्ण काढून टाकला तर धारा ०.६ अँपिअरपर्यंत जाऊ शकते, आणि आपला अ‍ॅमीटर ०.५ चा आहे. मी आधी स्वतः परिपथ लावून ०.४५ अँपिअरला सरकपट्टी जिथे येते तिथे खडूने खूण करते. त्या खुणेपलीकडे कोणी जायचं नाही, एवढंच मुलांना सांगते. त्यामागचं कारण तक्ता पूर्ण केल्यावर त्यांनीच शोधावं.

जोडणी: आधी मोठा गोल, मग व्होल्टमीटर

घट, प्लग कळ, अ‍ॅमीटर, नायक्रोमची तार, रिओस्टॅट आणि परत घट, असा एकच गोल आधी पूर्ण करायला लावा. व्होल्टमीटर या वेळी टेबलावर बाजूला असू द्या. गोल पूर्ण झाला, कळ लावली, सरकपट्टी हलवल्यावर अ‍ॅमीटरचा काटा हलला, की कळ काढायची. मगच व्होल्टमीटर नायक्रोमच्या दोन टोकांना समांतर जोडायचा. या क्रमामुळे जोडणीतल्या बहुतेक चुका आपोआप टळतात. व्होल्टमीटर हा परिपथाच्या वाटेतला भाग नाही, बाहेरून डोकावणारा आहे, हे सांगावं लागत नाही. तो नसताना परिपथ चालतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं.

रिओस्टॅटपाशी एक गंमत हमखास होते. त्याला खाली दोन आणि वर एक अशी तीन टोकं असतात. मुलं खालची दोन्ही जोडतात, कारण ती समोरासमोर नीट दिसतात. मग सरकपट्टी कितीही ओढली तरी काटा ढिम्म. पूर्ण वेटोळं कायम परिपथात राहतं. खालचं एक आणि वरचं एक टोक जोडायचं, आणि खालचं टोक कुठलं घेतलं त्यावर सरकपट्टी कोणत्या बाजूला नेल्यावर रोध वाढतो ते ठरतं. कळ लावण्यापूर्वी सरकपट्टी जास्तीत जास्त रोधाच्या बाजूला हवी.

जोडतारांची टोकं काचकागदाने घासून घ्या. तांब्यावरचं इनॅमल डोळ्यांना दिसत नाही, पण धारा अडवतं. सैल स्क्रूचं लक्षण म्हणजे टेबलाला धक्का लागला की काटा थरथरणं. नायक्रोमची तार पट्टीवर गुंडाळलेली असेल तर दोन वेढे एकमेकांना टेकू देऊ नका. टेकले तर तेवढी लांबी परिपथातून गळते आणि तक्त्यात मध्येच एका ओळीपासून गुणोत्तर खाली उतरतं. व्होल्टमीटरचे चिमटे तारेच्या टोकांवरच लावा. दूरच्या स्क्रूवर लावले तर मधल्या सैल सांध्याचा रोधही तारेच्या नावावर जमा होतो.

अ‍ॅमीटर कधीही समांतर जोडायचा नाही. त्याचा स्वतःचा रोध इतका कमी असतो की घट जवळजवळ थेट जोडल्यासारखा होतो. यासाठी पहिल्या फेरीत प्रत्येक गटाची जोडणी मी पाहिल्याशिवाय कळ लावायची नाही, हा एकच नियम मी कडकपणे पाळते.

तक्ता आखताना

आधी दोन ओळी वहीत लिहून घ्यायच्या. व्होल्टमीटरच्या ३ व्होल्टमध्ये ६० भाग, म्हणून लघुतम माप ०.०५ व्होल्ट. अ‍ॅमीटरच्या ५०० मिलीअँपिअरमध्ये ५० भाग, म्हणून १० मिलीअँपिअर. मग कळ उघडी असताना दोन्ही काटे कुठे आहेत ते लिहायचं, शून्यावर असतील तरीही. "शून्य आहे, मग काय लिहायचं?" असं मुलं विचारतात. शून्य हेही वाचनच आहे, ते लिहायचं.

तक्त्यात धारेसाठी दोन रकाने ठेवा, मिलीअँपिअर आणि अँपिअर. एकच ठेवला की ०.५० व्होल्टला १०० ने भागून रोध ०.००५ ओहम काढणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात निघतात. शेवटचा रकाना आखायचा, पण त्याला नाव द्यायचं नाही. कोरा ठेवायचा.

वाचन घेताना काट्याखालच्या आरशाची पट्टी वापरायला शिकवा. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की डोळा बरोबर समोर आहे. दोन मुलं एकाच मीटरकडे दोन बाजूंनी पाहून वेगवेगळे आकडे सांगतात, तेव्हा भांडण सोडवायला हा आरसाच उपयोगी पडतो.

कळ फक्त वाचनापुरती लावायची. काटा स्थिरावला, दोन्ही आकडे लिहिले, की काढायची. कळ लावून ठेवली तर कोरड्या घटांचा जोर उतरत जातो आणि पहिला आकडा लिहून दुसऱ्याकडे वळेपर्यंत धारा घसरलेली असते. जॉर्ज सायमन ओहमलाही अशाच घसरणाऱ्या घटांचा त्रास झाला होता. १८२६ च्या प्रयोगांत त्याने घट बाजूला ठेवले आणि बिस्मथ व तांब्याचा जोड वापरला. जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. तापमानातला फरक टिकून राहिला म्हणून विभवांतरही टिकलं. मुलांना ही गोष्ट मी त्यांचा घट दमलेला असतानाच सांगते, आधी सांगितली तर कोणी ऐकत नाही.

तीन ओळींनंतर थांबा

पहिली तीन वाचनं झाली की सगळ्या वर्गाला थांबवा. एका गटाची आलेली वाचनं अशी होती:

| क्र. | धारा (मिलीअँपिअर) | धारा `I` (अँपिअर) | विभवांतर `V` (व्होल्ट) | |
|---|---|---|---|---|
| १ | १०० | ०.१० | ०.५० | |
| २ | १६० | ०.१६ | ०.८० | |
| ३ | २०० | ०.२० | १.०५ | |

आता प्रश्न: धारा ०.३० केली तर व्होल्टमीटर काय दाखवेल? कळ न लावता वहीत पेन्सिलीने लिहा. बहुतेकांनी १.५० लिहिलं, कारण पहिल्या ओळीची तिप्पट. दोघांनी १.५५ आणि एकीने १.६० लिहिलं. तिने पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतला फरक धरून पुढे मोजलं होतं. मग कळ लावली. काटा १.५५ वर.

"बाई, माझं १.५० चुकलं का?"

"किती रेघांनी चुकलं?"

"एका."

"मग पहिल्या ओळीतलं ०.५० तू किती रेघांपर्यंत खात्रीने वाचलं होतंस?"

तिने परत जाऊन पाहिलं. काटा रेघेच्या किंचित वर होता, तिने जवळची रेघ घेतली होती. हा संवाद मला नियमापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. अंदाज तिपटीने केला याचा अर्थ समप्रमाण तिला कळलं आहे, फक्त तसं नाव अजून दिलेलं नाही. आणि एका रेघेचा फरक म्हणजे चूक नव्हे, हेही तिला स्वतःच्या आकड्यावरून समजलं.

आता शेवटचा रकाना

सात वाचनं पूर्ण झाली, की कोऱ्या रकान्यावर `V/I` लिहून भागाकार करायला सांगा.

| क्र. | `I` (अँपिअर) | `V` (व्होल्ट) | `V/I` |
|---|---|---|---|
| १ | ०.१० | ०.५० | ५.०० |
| २ | ०.१६ | ०.८० | ५.०० |
| ३ | ०.२० | १.०५ | ५.२५ |
| ४ | ०.२६ | १.३० | ५.०० |
| ५ | ०.३० | १.५५ | ५.१७ |
| ६ | ०.३६ | १.८० | ५.०० |
| ७ | ०.४० | २.०५ | ५.१३ |

धारा चौपट झाली, विभवांतरही जवळजवळ चौपट झालं, पण भागाकार ५ च्या आसपासच राहिला. आता त्याला नाव द्यायचं: या तारेचा रोध. रोध ही विभवांतरामुळे वाढणारी किंवा धारेमुळे घटणारी गोष्ट आहे, हा गैरसमज सूत्रातून येतो. `R = V/I` पाहून "धारा वाढली की रोध कमी" असं मूल सहज म्हणून जातं. त्याला वाद न घालता हाच रकाना वर-खाली वाचायला सांगा. धारा ०.१० वरून ०.४० झाली, रोध किती कमी झाला?

५.२५ दिसताच मुलं ती ओळ खोडायला निघतात. खोडू देऊ नका. अर्ध्या भागाची अनिश्चितता धरली, तर तिसऱ्या ओळीत विभवांतर १.०५ च्या ०.०२५ वर-खाली आणि धारा ०.२० च्या ०.००५ वर-खाली असू शकते. दोन्ही मिळून सुमारे पाच टक्के. म्हणजे ५.२५ हे खरं ५.० ते ५.५ च्या मधलं काहीतरी आहे. पहिल्या ओळीत तर आकडे लहान असल्यामुळे ही अनिश्चितता दहा टक्क्यांपर्यंत जाते. तिथलं ५.०० दिसायला चोख असलं तरी सातव्या ओळीतल्या ५.१३ पेक्षा कमी विश्वासाचं आहे. सरासरी ५.०८ येते. वहीत ५.१ ओहम लिहावं, गणकयंत्राने दाखवलेलं ५.०७८५७ नव्हे.

आलेख का काढायचा

सरासरी मिळाली, मग आलेख फक्त गुणांसाठी, असं मुलांना वाटतं. त्याचं उत्तर खालच्या बिघडलेल्या तक्त्यात आहे. आधी नीट तक्त्याचा आलेख काढून घ्या. आडव्या अक्षावर `I`, उभ्या अक्षावर `V`. असं घेतलं की चढ म्हणजेच रोध. अक्ष उलट घेतले तरी बिघडत नाही, पण मग चढ म्हणजे `1/R` होतो, आणि तोच रोध म्हणून लिहिणारी मुलं निघतात.

बिंदू जोडत जाऊ नका. ठिगळं लावल्यासारखी तुटक रेषा येते. पारदर्शक पट्टी ठेवून बिंदू दोन्ही बाजूंना सारखे राहतील अशी एकच सरळ रेषा ओढायची. चढ काढताना तक्त्यातले बिंदू घ्यायचे नाहीत, रेषेवरचे दूरदूरचे दोन घ्यायचे. वरच्या रेषेवर ०.०५ अँपिअरला ०.२५ व्होल्ट आणि ०.३५ ला १.७८ येतात. `(1.78 − 0.25)/(0.35 − 0.05)` म्हणजे ५.१ ओहम.

एक बिघडलेला तक्ता

दुसऱ्या टेबलावर त्याच लांबीची तीच तार होती. त्यांचं आलं असं:

| `I` (अँपिअर) | `V` (व्होल्ट) | `V/I` |
|---|---|---|
| ०.१० | ०.४० | ४.०० |
| ०.२० | ०.९० | ४.५० |
| ०.३० | १.४५ | ४.८३ |
| ०.४० | १.९५ | ४.८८ |

सरासरी ४.५५. वहीत नुसती ती पाहिली तर "थोडा फरक आला" म्हणून सही होऊन जाईल. पण रकाना वाचा. आकडे वर-खाली होत नाहीत, एकाच दिशेने चढतात, तेही सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळू. वाचनातली साधी चूक अशी रांगेत चालत नाही. कळ काढून अ‍ॅमीटर पाहिला तर काटा २० मिलीअँपिअरवर उभा. सुरुवातीला "शून्य आहे" असं न बघताच लिहिलं होतं.

प्रत्येक धारेतून ०.०२ वजा केलं, की गुणोत्तरं ५.००, ५.००, ५.१८, ५.१३ होतात. लहान वाचनात २० मिलीअँपिअरचा वाटा मोठा, म्हणून तिथे गुणोत्तर जास्त बिघडलं. मोठ्या वाचनात तोच वाटा नगण्य होत गेला.

आता त्याच न सुधारलेल्या आकड्यांचा आलेख काढायला लावा. रेषा सरळ येते, तिचा चढ पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंवरून `1.55/0.30`, म्हणजे ५.२ येतो. जवळजवळ बरोबर. फक्त ती उगमबिंदूतून न जाता आडव्या अक्षाला ०.०२ च्या आसपास छेदते. सरासरीने दोष पोटात घातला होता, आलेखाने तो वेगळा काढून दाखवला. म्हणून रेषा ओढताना ती बळेच शून्यातून नेऊ नका. शून्यातून जाते की नाही, हीच तर पाहण्याची गोष्ट आहे.

गुणोत्तर उलट, म्हणजे उतरत गेलं, तर आधी व्होल्टमीटरचा काटा तपासा, तो शून्याच्या पुढे उभा असण्याची शक्यता. मात्र अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या मागे असला तरी रकाना असाच उतरतो, म्हणून दोन्ही पाहावे लागतात.

जोडणीची चूकही तक्त्यातच सापडते. धारा वाढवल्यावर विभवांतर कमी होत जात असेल, उदाहरणार्थ ०.१० ला २.५० आणि ०.४० ला ०.९५, तर व्होल्टमीटर तारेला नव्हे, रिओस्टॅटला जोडला आहे. धारा बदलूनही विभवांतर ३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ तिथेच राहत असेल, तर तो घटाला जोडला आहे. अ‍ॅमीटर शून्यावर आणि व्होल्टमीटर जवळजवळ पूर्ण ३ व्होल्टवर असेल, तर व्होल्टमीटर एकसर जोडला गेला आहे. हे तीन तक्ते मी कधी कधी मुद्दाम फळ्यावर लिहून देते आणि परिपथ न पाहता चूक ओळखायला सांगते.

एक चूक मात्र हा रकाना पकडत नाही. दोन पट्ट्यांच्या मीटरवर चुकीची पट्टी वाचली, तर प्रत्येक आकडा सारख्याच पटीने चुकतो. गुणोत्तर स्थिर येतं, रेषा शून्यातून जाते, सगळं छान दिसतं, आणि रोध निम्मा किंवा दुप्पट असतो. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. तार परिपथातून पूर्ण सोडवून मल्टिमीटरने मोजा. त्याच्या दोन सळ्या एकमेकींना टेकवल्यावर जो ओहमचा अंश दिसतो, तो वजा करा. लांबीवरून ५ ओहम अपेक्षित असताना १० आले, तर पट्टी पाहा.

तारेच्या जागी बल्ब

वेळ असेल तर हा भाग सोडू नका. नायक्रोमच्या जागी २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा तंतूवाला बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. वाचनं साधारण अशी येतात:

| `V` (व्होल्ट) | `I` (अँपिअर) | `V/I` |
|---|---|---|
| ०.५० | ०.१२ | ४.१७ |
| १.०० | ०.१८ | ५.५६ |
| १.५० | ०.२३ | ६.५२ |
| २.०० | ०.२७ | ७.४१ |
| २.५० | ०.३० | ८.३३ |

इथेही रकाना चढतो, आणि हुशार मुलं लगेच म्हणतात, "काटा शून्यावर नाही." छान. तपासा. काटा शून्यावर आहे. मग फरक कुठे? मघाचा रकाना चढत चढत ५ च्या जवळ स्थिरावत होता आणि आलेख सरळ होता. इथे रकाना शेवटपर्यंत चढतच राहतो आणि आलेख वाकतो. विभवांतर पाचपट झालं, धारा अडीचपटच झाली. तंतू तापतो, आणि तापल्यावर टंगस्टनचा रोध वाढतो. मुलांना हे डोळ्यांनीही दिसतं. ०.५० व्होल्टला तंतू जेमतेम लाल दिसतो किंवा दिसतही नाही, २.५० ला पांढुरका झळकतो.

"तापमान कायम असेल तर" हे नियमातले शब्द पाठांतरात नेहमी गळतात. या तक्त्यानंतर ते गळत नाहीत. `V/I` हा भागाकार बल्बसाठीही प्रत्येक ओळीत काढता येतो, तो त्या क्षणीचा रोधच आहे. ओहमचा नियम सांगतो ती गोष्ट वेगळी: हा भागाकार बदलत नाही. तारेला ती लागू पडली, तापत्या तंतूला नाही.

विभवांतर तेच, रोध वेगळा

आतापर्यंत रोध कायम होता. आता विभवांतर २.०० व्होल्टवर धरून तारेची लांबी बदलायची. दीड मीटर लांब तार घ्यावी आणि परिपथातल्या तारेचा चिमटा पुढे पुढे सरकवावा. व्होल्टमीटरचा चिमटा त्याच्या सोबत हलला पाहिजे, हे विसरलं जातं.

| लांबी (सेंटिमीटर) | `V` (व्होल्ट) | `I` (अँपिअर) | लांबी × `I` |
|---|---|---|---|
| ५० | २.०० | ०.३९ | १९.५ |
| ७५ | २.०० | ०.२६ | १९.५ |
| १०० | २.०० | ०.२० | २०.० |
| १५० | २.०० | ०.१३ | १९.५ |

या वेळी भागाकार नाही, गुणाकार स्थिर राहतो. लांबी दुप्पट, धारा निम्मी. लांबीच्या प्रमाणात रोध वाढतो हे धरलं, तर विभवांतर स्थिर असताना धारा रोधाच्या व्यस्त प्रमाणात, हे तक्त्यातूनच येतं.

या भागातली खरी मेख दुसऱ्या रकान्यात आहे. चारही ओळींत २.०० आपोआप येत नाही. चिमटा ५० वरून ७५ वर नेला, की रिओस्टॅटला हात न लावता व्होल्टमीटरचा काटा २.०० च्या वर सरकतो. मुलं म्हणतात, "बाई, मी काहीच केलं नाही, तोच हलला." तिथे थांबा आणि का हलला हे त्यांनाच शोधू द्या. तार आणि रिओस्टॅट एकसर आहेत, ३ व्होल्ट दोघांत वाटले जातात. तारेचा रोध वाढला, तिचा वाटाही वाढला. काटा परत २.०० वर आणायला रिओस्टॅटचा रोधही वाढवावा लागतो. ज्या गटाने हे न करता सरळ धारा लिहून टाकली, त्यांचा गुणाकार लांबीबरोबर चढत गेलेला असतो, आणि त्यांची वही उघडल्याबरोबर तो दिसतो.